प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटं?

यवतमाळ जिल्ह्यात पुसद, वणी, दिग्रस, दारव्हा, उमरखेड अशा गावांत इंग्लिश स्पीकिंगचा क्लास ओळखू येतो तो त्याच्या पाटीवरून. पाटीवर किंवा वर्तमानपत्रातून घरी आलेल्या पत्रकावर दोन आकडे हमखास असतात. किती दिवसांत इंग्रजी येईल आणि त्याची फी किती. शिकायला येणारा माणूस या दोनच आकड्यांवरून क्लास निवडतो, आणि क्लास काढणाराही बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात करतो. माझं म्हणणं असं की प्रौढांना इंग्रजी बोलायला शिकवण्याचं सगळं नियोजन एका तिसऱ्याच आकड्यावर उभं राहायला हवं. तासाभरात प्रत्येक शिकणाऱ्याच्या तोंडून किती मिनिटं इंग्रजी बाहेर पडलं, हा तो आकडा. तो एकदा ठरला की बॅचमध्ये किती जण घ्यायचे, फी किती ठेवायची आणि पुस्तकातलं काय गाळायचं, ही उत्तरं त्याच्यातूनच निघतात. तो ठरवला नाही तर शिकवणारा कितीही जीव तोडून शिकवो, तीन महिन्यांनी माणूस वही भरून घरी जातो आणि बोलायची वेळ आली की गप्प राहतो.

या म्हणण्याचा सगळ्यात मोठा पुरावा आपल्या शाळांनीच दिला आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या तरुणाने दहावीपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं आणि त्याच्या चाळिशी ओलांडलेल्या काकाने सहा वर्षं. दोघेही बातमीचा मथळा वाचू शकतात, फॉर्म भरू शकतात, पुतण्या कदाचित व्याकरणाचे नियमही सांगू शकतो. पण नागपूरच्या मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्यावर दोघांची अवस्था सारखीच होते. वर्षं वाढली, पुस्तकं वाढली, तरी बोलणं वाढलं नाही, कारण पन्नास-साठ मुलांच्या वर्गात एकेकाला स्वतःचं वाक्य जुळवून बोलायची संधी जवळजवळ मिळतच नव्हती. आपल्याकडचा स्पीकिंगचा क्लास पुष्कळदा हीच शाळा संध्याकाळी पुन्हा भरवतो: फळ्यावर काळांचा तक्ता, वहीत पन्नास क्रियापदांची तीन-तीन रूपं, घरून पाठ करून आणायचे शब्द. येणाऱ्याकडे जे आधीच होतं तेच त्याला पुन्हा मिळतं.

मिनिटांचा हिशेब मांडून बघू. तीस जणांची बॅच, रोज एक तास, आठवड्याचे सहा दिवस, बारा आठवडे. शिकवणारा चाळीस मिनिटं समजावून सांगतो आणि उरलेल्या वीस मिनिटांत एकेकाला उभं करून बोलायला लावतो. प्रत्येकाच्या वाट्याला रोज चाळीस सेकंद येतात. बहात्तर दिवसांचे होतात अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे तीन महिन्यांचा कोर्स पूर्ण करून, एकही खाडा न करता, माणूस एकूण पाऊण तासाच्या आसपास बोललेला असतो. आता दुसरी बॅच घेऊ: बारा जण, सव्वा तास, आठवड्याचे पाच दिवस, बारा आठवडे. यातली चाळीस मिनिटं सगळे जण जोडीजोडीने एकाच वेळी बोलतात. जोडीतला प्रत्येक जण त्यातली निम्मी मिनिटं बोलतो, म्हणजे रोज वीस. साठ दिवसांत बाराशे मिनिटं, सरळ वीस तास. शिकवणारा तोच, खोली तीच, आणि फरक पंचवीस पटींचा.

जोडीने बोलायला लावायचं म्हटलं की पहिली शंका येते ती ही की, दोघांनाही येत नाही तर ते एकमेकांच्या चुका शिकतील. शंका रास्त आहे, आणि पालकांच्या पिढीला ती फारच पटते. पण हे तपासून पाहिलेलं आहे. मायकेल लाँग आणि पॅट्रिशिया पोर्टर यांनी १९८५ मध्ये गटाने शिकण्यावरच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात दिसलं की समोरच्या शिकाऊ माणसाची चूक उचलण्याचं प्रमाण फारच कमी असतं. चुका होतात, पण त्या ज्याच्या त्याच्या असतात. बहुतेक त्याच्या मातृभाषेच्या घडणीतून आलेल्या, आणि शिक्षकाशी बोलतानाही त्या झाल्याच असत्या. जोडीचा खरा धोका वेगळा आहे: दोघं मराठीत गप्पा मारू लागतात. शिक्षक फळ्याजवळ बसून राहिला तर हे दुसऱ्याच दिवशी सुरू होतं. त्यामुळे जोडीला मोकळा विषय देऊन चालत नाही. एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नाही आणि ती विचारल्याशिवाय काम पुरं होत नाही, असं काम द्यावं लागतं. एकाच्या हातात एसटीचं वेळापत्रक आणि दुसऱ्याला यवतमाळहून पांढरकवड्याला दुपारपर्यंत पोचायचं, असं साधं काम पुरतं. एरवी मराठीवर बंदी घालण्याचं मात्र काही कारण नाही. एखादी गोष्ट अडली तर ती वऱ्हाडीत सांगून दोन मिनिटांत पुढे जावं. बंदीमुळे लोक इंग्रजी बोलू लागत नाहीत, बोलायचेच थांबतात.

एक तास आतून कसा दिसतो, ते सहाव्या आठवड्यातल्या एका दिवसावरून सांगता येईल. विषय आहे काल काय झालं ते सांगणं. पहिली दहा मिनिटं आदल्या दिवसाची उजळणी, तीही जोडीनेच. पुढची दहा मिनिटं शिक्षक स्वतः एक छोटी हकिकत सांगतो: कापूस घेऊन जिनिंगला गेलो, रांगेत थांबलो, भाव कमी मिळाला, पैसे उशिरा आले, शेवटची एसटी चुकली. यात आठ क्रियापदं भूतकाळात येतात: वेंट, टुक, वेटेड, सोल्ड, गॉट, पेड, मिस्ड, केम. तक्ता लिहायचा नाही. हकिकत दोनदा ऐकवायची आणि ती आठच रूपं फळ्यावर ठेवायची. नंतरच्या दहा मिनिटांत सगळ्यांनी मिळून म्हणणं आणि प्रश्न विचारण्याचा सराव. मग चाळीस मिनिटं ज्याने त्याने आपल्या कालच्या दिवसाची हकिकत सांगायची. यासाठी कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये सुचवलेली एक रीत फार उपयोगी पडते. तीच हकिकत पहिल्या जोडीदाराला चार मिनिटांत, जोडीदार बदलून दुसऱ्याला तीन मिनिटांत, आणि पुन्हा बदलून तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. मजकूर तोच असल्याने शब्द शोधण्यात जाणारा वेळ दर फेरीला कमी होतो आणि जीभ मोकळी होते. आपल्याकडच्या नवशिक्यांना चार मिनिटं झेपत नाहीत. दीड मिनिट, एक मिनिट आणि पाऊण मिनिट अशी सुरुवात करावी आणि आठव्या-नवव्या आठवड्यात मूळ वेळांवर यावं. वेळ कमी असल्याने सुरुवातीला नव्या हकिकतीने अशाच आणखी फेऱ्या घ्याव्या लागतात.

चुका सुधारायच्या त्या फेऱ्या संपल्यावर, उरलेल्या पाच मिनिटांत. शिक्षक हातात वही घेऊन जोड्यांमधून फिरतो, वाक्यं टिपतो आणि शेवटी त्यातली चार-पाच कुणाचंही नाव न घेता फळ्यावर घेतो. कोणत्या चुका निवडायच्या, यात त्याचं कसब दिसतं. मराठी बोलणाऱ्याची सगळ्यात जुनी अडचण प्रश्नाची असते. मराठीत ‘तुम्ही कापूस केव्हा विकला’ हा प्रश्न साध्या विधानात ‘केव्हा’ घालून तयार होतो, म्हणून इंग्रजीतही ‘यू सोल्ड कॉटन व्हेन’ असं येतं. ‘व्हेन डिड यू सेल’ ही घडण कानाला परकी वाटते आणि ती पहिल्या आठवड्यापासून रोज तोंडात घोळवल्याशिवाय बसत नाही. दुसरी अडचण ‘आहे’ची. मी शिक्षक आहे, मला दोन मुली आहेत, माझ्याकडे वेळ आहे, या तिन्हींना आपण एकच क्रियापद वापरतो. इंग्रजीत पहिल्याला ‘ॲम’ लागतं आणि पुढच्या दोन्हींना ‘हॅव’. या दोन गोष्टी आणि भूतकाळाची रूपं चुकली तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून त्या सुधाराव्यात. ‘ए’ आणि ‘द’ राहून गेले तरी अर्थ पोचतो. त्यांच्यावर पहिले दोन महिने वेळ घालवणं म्हणजे बोलणाऱ्याला दर शब्दाला अडवणं.

व्याकरण आधी पक्कं हवं, हा पुढचा आक्षेप इथे येणारच. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या शिकल्या आणि त्यातल्या पुष्कळांनी उत्तम इंग्रजी लिहिलं, हे खरं आहे. ज्याला लिहायचं-वाचायचं आहे आणि वर्षभर रोज दोन तास द्यायचे आहेत, त्याच्यासाठी ती वाट आजही चांगली आहे. पण क्लासला येणाऱ्या प्रौढाकडे एवढा वेळ नसतो, आणि व्याकरणाचा पाया शाळेने थोडाफार घातलेला असतोच. बारा आठवड्यांच्या कोर्सला म्हणून सहा कामं पुरतात: स्वतःची आणि घराची ओळख, रोजचा दिनक्रम, झालेली हकिकत, विनंती आणि नकार, फोनवरचं बोलणं, मुलाखत. प्रत्येकाला दोन आठवडे. शब्दही मोजकेच लागतात. ढाक्यात शिक्षक प्रशिक्षणाचं काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत साधारण २,००० शब्द होते, आणि त्यातले बरेचसे दहावी झालेल्या माणसाला वाचून कळतात. नवे शब्द फार द्यायचे नसतात. कळणारे शब्द बोलण्यात आणायचे असतात. मुलाखतीची गरज नसेल तर शेवटचे दोन आठवडे बॅचच्या कामाप्रमाणे वळवावेत. टिपेश्वर अभयारण्यातल्या गाइडना वाघ कुठे दिसला, गाडीतून उतरू नका, आवाज कमी ठेवा, एवढं पर्यटकाला नीट सांगता आलं तर त्यांचं बरंच काम भागतं. घरी गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्याला मराठीही शिकलेलीच भाषा असते, त्यामुळे त्याच्यासाठी मराठीतून समजावण्यापेक्षा चित्र आणि हावभाव जास्त कामाचे. मुलं इंग्रजी माध्यमात असलेल्या आयांना पालकसभा आणि शाळेची डायरी हवी असते.

एवढ्याने इंग्रजी ‘येतं’ का? पाटीवरच्या आश्वासनाचा प्रश्न इथे प्रामाणिकपणे सोडवायला हवा. केंब्रिजची परीक्षा संस्था ज्याला ए-टू म्हणते, म्हणजे ओळखीच्या विषयावर साधी देवाणघेवाण जमण्याची पायरी, तिथे शून्यापासून पोचायला १८० ते २०० तास लागतात असा तिचा अंदाज आहे. बी-वन या पुढच्या पायरीला ३५० ते ४००. आपला साठ दिवसांचा कोर्स होतो ७५ तासांचा. शाळेचं इंग्रजी गाठीशी असल्याने येणारा अगदी शून्यावर नसतो, तरीही नव्वद दिवसांत फाडफाड बोलण्याचं आश्वासन कुणीही पाळू शकत नाही. पत्रकावर लिहायचं ते हेच की सहा प्रसंगांत तुम्ही न अडखळता बोलाल. ते खरं झालं की नाही हेही मोजता येतं. पहिल्या दिवशी प्रत्येकाचं एक मिनिटाचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावं, साठाव्या दिवशी त्याच विषयावर पुन्हा करावं आणि दोन्हींतले शब्द मोजावेत. लांब थांबे किती आणि किती वेळा मराठीत घसरला, हेही टिपावं. शब्द वाढले नसतील तर दोष जवळजवळ नेहमी मिनिटांचा असतो: शिक्षक जास्त बोलला, किंवा खाडे झाले.

आता पैशाची बाजू. बारा जणांवर पोट भरत नाही, हा क्लास चालवणाऱ्यांचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून तो आकड्यांनीच तपासू. उदाहरणापुरतं धरू की तीन महिन्यांची फी ३,६०० रुपये आहे आणि ती दरमहा १,२०० अशी घ्यायची आहे. बॅच बाराची, गळती धरून पहिल्या महिन्यात बारा, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात आठ जण फी भरतात. होतात तीस हप्ते, म्हणजे ३६,००० रुपये. दिवसाला अशा तीन बॅच चालवल्या तर तीन महिन्यांत १,०८,००० रुपये, दरमहा ३६,०००. खोलीचं भाडं ६,०००, वीज आणि इन्व्हर्टर १,५००, पत्रकं-पाटी १,५००, झेरॉक्स आणि किरकोळ १,००० असा महिन्याचा खर्च १०,००० धरू. वर्षात अशा तीन फेऱ्या होतात, म्हणजे नऊ महिन्यांचं उत्पन्न ३,२४,००० आणि बारा महिन्यांचा खर्च १,२०,०००. हातात राहतात २,०४,०००, महिन्याला १७,०००. जीएसटीच्या वीस लाखांच्या मर्यादेपासून हे खूप लांब आहे, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. रक्कम मोठी नाही. सकाळ-दुपार-रात्र मिळून पावणेचार तासांच्या कामाची ती आहे आणि दुसरं काही काम सांभाळून ती मिळू शकते, एवढंच म्हणता येईल. एकट्या याच उत्पन्नावर घर चालवायचं असेल तर चौथी बॅच किंवा शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या जोडाव्या लागतील.

तीस जणांकडून २,००० रुपये आगाऊ घेतले तर एकाच बॅचचे ६०,००० होतात, हे मान्यच करावं लागेल. पहिल्या वर्षी मोठ्या बॅचचा क्लासच जास्त कमावतो. पण तीस-चाळीस हजारांच्या गावात इंग्रजीसाठी पैसे देऊ शकणारे प्रौढ मोजके असतात, आणि कोण क्लासला गेला होता व त्याला काय बोलता येतं, हे दुकानात, नगरपालिकेत, लग्नात सगळ्यांना दिसतं. आगाऊ फीमुळे तिसऱ्या आठवड्यात गळालेल्यांचे पैसे हाती राहतात, पण ते गळालेले लोकच पुढच्या बॅचची जाहिरात करत फिरतात. दरमहा हप्ता घेण्याने शिकवणाऱ्यावर चांगला दाब राहतो: दुसऱ्या महिन्यात बारातले सहाच उरले, तर कुठेतरी बिघडलं आहे हे त्याला लगेच कळतं. गरजू माणसाला फीत सवलत द्यायची असेल तर हप्ता कमी करावा, बॅचमधल्या जागा वाढवू नयेत. तेरावा-चौदावा माणूस खपतो, विसावा खपत नाही.

बॅचची वेळ ठरवताना जिल्ह्याचं वर्ष आणि दिवस दोन्ही बघावे लागतात. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं, मग दिवाळी येते आणि कापसाची वेचणी सुरू होते. या दिवसांत क्लास भरत नाही. फेऱ्या बसतात त्या जूनअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत, दिवाळीनंतर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि तिथून मेच्या मध्यापर्यंत. मधल्या फेरीला पैसा हाताशी असतो, म्हणून ती सगळ्यात भरलेली. शेवटच्या फेरीत लग्नसराई आणि ऊन, म्हणून दुपारची बॅच सकाळी न्यावी लागते. दिवसाच्या तीन वेळा अशा: नोकरी शोधणाऱ्यांसाठी सकाळी सात, घरच्या बायकांसाठी दुपारी अडीच, दुकानात आणि खासगी नोकरीत असलेल्यांसाठी रात्री साडेआठ. खेड्यातून एसटीने येणाऱ्याला रात्रीची बॅच देऊ नये. शेवटची गाडी चुकेल या भीतीने तो रोज वीस मिनिटं आधी उठतो, आणि नेमकी बोलण्याची मिनिटं त्यात जातात. वेगवेगळ्या वेळांचा आणखी एक फायदा होतो. सून आणि सासरे, किंवा मालक आणि त्याच्याच दुकानातला मुलगा, एका जोडीत येत नाहीत. प्रौढ माणूस चुकायला भीत नाही, ओळखीच्या माणसासमोर चुकायला भितो. शिक्षकानेही सगळ्यांना तुम्ही म्हणावं, ताई-दादा-काका जे शोभेल ते म्हणावं, आणि वयाने लहान असला तरी कुणाला फळ्यासमोर एकटं उभं करू नये.

एक नियम मात्र कडक हवा, आणि तोच पाळणं सगळ्यात जड जातं: पहिला आठवडा संपला की त्या बॅचमध्ये नवा प्रवेश नाही. पाचव्या आठवड्यात कुणी पैसे घेऊन दारात आलं तर त्याला परत पाठवणं अवघड असतं. पण त्याला घेतलं की त्याच्यासाठी मागचं पुन्हा समजावलं जातं, त्याच्या जोडीदाराचे दिवस वाया जातात आणि रोज नवा माणूस घेणारा क्लास रोज पहिल्या पानावर राहतो. त्याचं नाव आणि नंबर वहीत लिहून पुढच्या फेरीची तारीख द्यावी, आणि पाच मिनिटं बोलून त्याची पातळी तेवढी तपासून ठेवावी. प्रवेशाच्या वेळची ही पाच मिनिटं सगळ्यांसाठीच आवश्यक आहेत. ज्याला वाक्यच जुळवता येत नाही आणि ज्याला फक्त सराव हवा आहे, त्यांना एका बॅचमध्ये घातलं तर पहिला घाबरतो आणि दुसरा कंटाळतो. वेगळी बॅच करण्याइतके लोक नसतील तर जोड्या तरी पातळीप्रमाणे लावाव्यात.

यूट्यूबवर सगळं फुकट असताना लोक बाराशे रुपये कशाला देतील, असंही विचारलं जातं. ऐकण्यासाठी यूट्यूब उत्तमच आहे, आणि क्लासने घरचा अभ्यास म्हणून रोज दहा मिनिटांचा व्हिडिओ जरूर द्यावा. शिक्षकाने फळ्यावर चाळीस मिनिटं समजावण्याचं काम मोबाइल खरोखरच करू शकतो. पण समोर बसून ‘व्हेन डिड यू सेल’ विचारणारा आणि उत्तराची वाट बघणारा माणूस तिथे नाही, आणि फी त्याची आहे. कोर्स संपल्यावरही अशाच माणसाची गरज राहते. साठ दिवसांत सुटलेली जीभ दोन महिने गप्प राहिली तर पुन्हा आखडते. म्हणून जुन्या बॅचच्या लोकांना रविवारी सकाळी तासभर एकत्र बसू द्यावं, महिन्याला शंभर रुपये चहापाण्याचे घ्यावेत, आणि ऑक्टोबर आणि मेच्या रिकाम्या दिवसांतही ही बैठक चालू ठेवावी. तिथे शिक्षक नसला तरी चालतं. वेळ पाहणारा एक जण आणि दर आठवड्याला बदलणारे सहा प्रश्न लागतात.